रस्त्यावरून वाचता येईल असा ‘भाड्याने’चा बोर्ड कसा करावा

‘भाड्याने देणे आहे’ असा बोर्ड लावूनही फोन येत नसेल, तर बहुतेक मालक भाडं कमी करायचा विचार करतात. त्याआधी एकदा खाली उतरून, रस्त्यावर चाळीस-पन्नास पावलं मागे जाऊन आपलाच बोर्ड वाचून पाहावा. बऱ्याचदा तो वाचताच येत नाही. घरात टेबलावर ठेवून पाहिलेला बोर्ड रस्त्यावरून फार वेगळा दिसतो, आणि तो तयार करताना आपण सगळे टेबलावरच पाहतो.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतो. साधी वस्ती, वाहनं ताशी ३० किलोमीटरच्या आसपास जाणारा रस्ता, घर रस्त्याला लागून, आणि जवळच्या बाजूने जाणारा दुचाकीस्वार बोर्डापासून आडवा साधारण ५ मीटर अंतरावर. तुमचा रस्ता वेगळा असेल तर आकडे बदलतील, हिशोबाची पद्धत तीच राहील.

पायरी १ : बोर्ड कोण वाचणार ते आधी ठरवा

बोर्डाचे वाचक दोन. पहिला चालत्या गाडीवरचा. त्याला फक्त एवढंच कळायला हवं की इथे काहीतरी भाड्याने आहे. दुसरा म्हणजे तोच माणूस गाडी थांबवल्यावर, किंवा समोरच्या फुटपाथवरून चालणारा. तो नंबर वाचतो, फोनवर फोटो काढतो.

हे दोन वाचक एकत्र धरले की बोर्ड बिघडतो. मग ‘भाड्याने’ हा शब्द, खोल्यांची संख्या, मजला, अटी आणि नंबर सगळं एकाच मापात येतं आणि त्यातलं काहीच चालत्या गाडीवरून दिसत नाही. चालत्या गाडीवरून कोणी दहा आकडी नंबर वाचून लक्षात ठेवत नाही. त्यामुळे तो नंबर दूरवरून दिसावा म्हणून बोर्ड दुप्पट करण्यात अर्थ नाही. मोठा एकच शब्द करायचा, बाकीचं थांबलेल्या माणसासाठी.

पायरी २ : अक्षरांची उंची मोजून काढा

ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ८ मीटर. बोर्ड नजरेला पडायला एक सेकंद आणि एक ठळक शब्द वाचायला एक सेकंद धरा. म्हणजे वाचेपर्यंत गाडी १६-१७ मीटर पुढे आलेली असते.

आता दुसरी बाजू. गाडी चालवणारा समोर बघत असतो. बोर्ड बाजूला ५ मीटरवर असेल, तर तो सुमारे १५ मीटरवर आल्यावर वाचण्यासाठी मान वळवावी लागते, आणि रहदारीत ती कोणी वळवत नाही. म्हणून वाचन त्याआधी संपायला हवं. १५ आणि १७ मिळून ३२ मीटर. इतक्या लांबून मुख्य शब्द वाचता आला पाहिजे.

उंचीसाठी मी हा ठोकताळा वापरतो : दर ३ मीटर अंतराला १ सेंटिमीटर अक्षर. रस्त्यावरच्या इंग्रजी पाट्यांसाठी दर ३० फुटांना एक इंच असा हिशोब रूढ आहे, म्हणजे सेंटिमीटरला साडेतीन मीटरच्या थोडं वर. आपल्या लिपीत जोडाक्षरं आणि मात्रा असल्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त रेषा बसतात, म्हणून थोडी सूट ठेवलेली बरी. उत्तम नजरेचा माणूस स्वच्छ उजेडात याच्या दुप्पट लांबूनही वाचेल, पण बोर्ड त्याच्यासाठी करायचा नसतो.

३२ मीटरला ३ ने भागलं की जवळजवळ ११ सेंटिमीटर येतात. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ११ सेंटिमीटर ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची आहे. वरची मात्रा आणि खालचा उकार त्यात धरलेला नाही. बोर्डवाल्याला नुसतं ‘११ सेंटिमीटरची ओळ’ सांगितलं, तर तो मात्रेसकट ११ धरेल आणि प्रत्यक्ष अक्षर ७-८ सेंटिमीटरचं निघेल. कॉम्प्युटरवरच्या फॉन्ट साइजवरही विसंबू नका. तो आकडा अक्षराच्या उंचीचा नसतो आणि फॉन्टागणिक त्याचं प्रत्यक्ष माप बदलतं. एक ‘क’ छापून पट्टीने मोजणं हाच खात्रीचा मार्ग.

नंबरासाठी हिशोब सोपा आहे. समोरच्या फुटपाथवरचा माणूस १२ मीटरवर असेल तर ४ सेंटिमीटर पुरतात. पण नंबर चुकला की सगळंच वाया जातं, म्हणून तिथे ६ सेंटिमीटर घ्या.

पायरी ३ : मजकूर कापा

तीन ओळींत काम होतं.

भाड्याने
दोन खोल्या, पहिला मजला
12345 67890

‘देणे आहे’ हे शब्द मी मोठ्या ओळीतून काढतो. घरावर टांगलेल्या बोर्डावर ‘भाड्याने’ वाचून कोणाचा गैरसमज होत नाही, आणि त्या दोन शब्दांसाठी मुख्य शब्दाची उंची निम्म्यावर आणावी लागते. फारच चुकल्यासारखं वाटत असेल तर दुसऱ्या ओळीत लहान अक्षरांत घाला. तुमच्या भागात ‘टू लेट’ जास्त ओळखीचं असेल तर तेच मोठं करा. दोन्ही भाषा मोठ्या करायच्या असतील तर दोन बोर्ड लावा. एकाच बोर्डावर दोन मोठे शब्द मावत नाहीत.

दुसरी ओळ काय भाड्याने आहे ते सांगते : खोल्या, दुकान, गोदाम, ऑफिस. तिचं काम नको असलेले फोन कमी करणं हे आहे. मजला लिहायचा तो वरच्या मजल्याची अडचण असलेल्यांनी विनाकारण फोन करू नये म्हणून. भाडं, अनामत, अटी, कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही, हे सगळं फोनवर बोलण्याचं. ‘दलालांनी फोन करू नये’ ही ओळ हमखास लिहिली जाते. ज्यांच्यासाठी ती असते ते ती वाचून थांबत नाहीत, आणि तिने नंबराची जागा मात्र खाल्लेली असते.

क्यूआर कोड टाकायचा मोह आवरा. कोड स्कॅन होण्यासाठी त्याची बाजू अंतराच्या साधारण दहाव्या भागाएवढी लागते. ५ मीटरवरून स्कॅन व्हायचा तर अर्ध्या मीटरचा चौकोन हवा, म्हणजे जवळजवळ सगळा बोर्डच. फाटकाला चिकटवलेल्या छोट्या कागदावर तो चालेल, तिथे माणूस हातभर अंतरावर येतो.

पायरी ४ : नंबर

नंबर इंग्रजी आकड्यांत लिहा. फोनवर तेच आकडे असतात, आणि मराठी न वाचणारा भाडेकरूही असू शकतो. मराठी आकड्यांत १ आणि ९ लांबून सारखेच भासतात. इंग्रजी आकडेही अगदी निर्दोष नाहीत. तिथे 3 आणि 8, 6 आणि 8, 5 आणि 6, आणि हाताने लिहिलेले 1 आणि 7 एकमेकांत मिसळतात. कारण एकच असतं : आकड्याच्या पोटातली मोकळी जागा रंगाने भरते. म्हणून नंबरातल्या रेषेची जाडी उंचीच्या सहाव्या भागाहून फार जास्त नको. ६ सेंटिमीटरच्या आकड्याला १ सेंटिमीटरची रेषा झाली.

दहा आकडे सलग लिहू नका. पाच-पाचचे दोन गट करा आणि मध्ये एका आकड्याएवढी जागा सोडा. सलग ओळीत डोळा सहाव्या-सातव्या आकड्याजवळ हरवतो आणि वाचणारा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. मध्ये आडवी रेघ नको, लांबून ती आकड्याचाच भाग वाटते. आपल्याच देशातला भाडेकरू शोधत असाल तर देशाचा कोडही नको. तीन जास्तीच्या चिन्हांमुळे उरलेले आकडे बारीक होतात.

नंबर एकच द्या. दोन दिले की दोन्ही लहान होतात, शिवाय कुठला लावावा हा प्रश्न उरतो. ज्या फोनला दिवसभर कोणीतरी उत्तर देतं तो नंबर द्या, मग तो मालकाचा नसला तरी हरकत नाही. हा नंबर महिनोन् महिने रस्त्यावर राहणार आणि त्याचे फोटो पुढे जाणार, हेही धरून चाला. त्यासाठी जुना जास्तीचा नंबर असेल तर तो वापरणं शहाणपणाचं.

पायरी ५ : बोर्डाचं माप आणि मांडणी

ठळक सरळ फॉन्टमध्ये ११ सेंटिमीटर उंचीचा ‘भाड्याने’ हा शब्द साधारण ५० सेंटिमीटर रुंद होतो. ६ सेंटिमीटरचे दहा आकडे मधल्या जागेसकट ५२ च्या आसपास जातात. दोन्ही बाजूंना किमान ४-४ सेंटिमीटर कोरी जागा हवी, म्हणून रुंदी ६० सेंटिमीटर. उभ्या दिशेने मोजा : वरची कोरी जागा ४, मात्रेसकट मुख्य शब्द १५, मध्ये ४, दुसरी ओळ मात्रेसकट ६, पुन्हा ४, नंबर ६ आणि खाली ४. एकूण ४३. म्हणजे ६० बाय ४५ सेंटिमीटरचा बोर्ड पुरतो. माप असं अक्षरांवरून काढायचं. हाताशी जो पत्रा आहे त्यात मजकूर कोंबायला गेलं की पहिला बळी कडेच्या कोऱ्या जागेचा जातो, आणि अक्षरं कडेला टेकली की शब्दाचा आकार भिंतीत मिसळतो.

फॉन्ट साधा, सरळ, सगळीकडे सारख्या जाडीचा घ्या. कॉम्प्युटरवर करत असाल तर Mukta किंवा Noto Sans Devanagari यांचा बोल्ड चांगला चालतो. बोल्डच्या पुढची, अतिजाड अक्षरं नकोत. ‘ड्या’मधला ‘य’ आणि ‘भ’ची गाठ त्यात बुजते. वळणदार, बोरूने लिहिल्यासारखी अक्षरं लग्नपत्रिकेवर शोभतात. बोर्डावर त्यांच्या बारीक रेषा दहा-पंधरा मीटरवरच नाहीशा होतात. सावली, बॉर्डर, अक्षरांमागचा घराचा फोटो हे सगळं वगळा.

पिवळ्यावर काळा किंवा पांढऱ्यावर काळा-गडद निळा, एवढेच रंग पुरेत. भिंत पांढरी असेल तर पिवळा बोर्ड, म्हणजे तो भिंतीपासून सुटा दिसतो. लाल अक्षरांचा आग्रह पुष्कळ जण धरतात. संध्याकाळी उजेड उतरला की लाल रंग काळसर होऊन मागे पडतो, आणि उन्हात फिका पडण्यातही त्याचाच पहिला नंबर लागतो. लाल-हिरवा एकत्र तर नकोच, काही लोकांना त्यातला फरकच दिसत नाही. गडद पाटीवर पांढरी अक्षरं करायची असतील तर रेषा थोडी बारीक ठेवा. उजळ रेषा गडद जागेवर पसरून मूळ जाडीपेक्षा जाड भासते.

वस्तू कुठलीही घ्या, पृष्ठभाग मॅट हवा. चकचकीत लॅमिनेशनवर ऊन पडलं की ठरावीक वेळी बोर्ड नुसता आरसा होतो. मार्करने लिहिलेला नंबर उन्हात काही आठवड्यांत उडू लागतो. ऑइल पेंट किंवा छापलेला व्हिनाइल टिकतो. नुसता फ्लेक्स दोरीने चार कोपऱ्यांत बांधला तर मधोमध पोट सुटतं आणि नंबर सुरकुतीत जातो. त्याला फ्रेम लागतेच. सनबोर्ड घ्यायचा तर ३ मिलिमीटरचा उन्हाने वाकतो, ५ चा घ्या.

पायरी ६ : दिशा, म्हणजे खरी मेख

अक्षरं अचूक, रंग अचूक, आणि तरी बोर्ड कोणाला दिसत नाही, असं होतं तेव्हा तो बहुतेक वेळा भिंतीला सपाट लावलेला असतो.

कारण साधं आहे. रस्त्याला समांतर असलेला बोर्ड गाडीवरून येणाऱ्याला तिरका दिसतो, आणि तिरकं पाहिलं की रुंदी आवळते. आपल्या उदाहरणात, ३२ मीटरवरून ६० सेंटिमीटरचा सपाट बोर्ड जेमतेम ९ सेंटिमीटर रुंद असल्यासारखा दिसतो. अक्षरांची उंची तीच, रुंदी मात्र सातव्या भागाहून जेमतेम जास्त, म्हणजे उभ्या काड्यांचा जुडगा. १५ मीटरवर आलात तरी रुंदी एक तृतीयांशच भासते, आणि तोपर्यंत वाचायची वेळ गेलेली असते.

यावर मोठा बोर्ड हा उपाय नाही, दिशा बदलणं हा आहे. बोर्ड भिंतीतून बाहेर, रस्त्याशी काटकोनात काढा आणि दोन्ही बाजूंनी रंगवा. मग दोन्हीकडून येणाऱ्यांना तो जवळजवळ पूर्ण रुंदीने दिसतो. काटकोनात लावायला आधार नसेल, तर दोन बोर्ड इंग्रजी व्ही अक्षरासारखे जोडा, टोक रस्त्याकडे आणि प्रत्येक पाट भिंतीपासून ४५ अंशांवर. त्यात ३२ मीटरवरूनही सुमारे ८० टक्के रुंदी हाती लागते. गच्चीच्या कठड्याला किंवा बाल्कनीच्या कोपऱ्याला अशी जोडी सहज बांधता येते.

सपाट बोर्ड दोनच ठिकाणी चालतो. एक, रस्ता जिथे घरासमोर येऊन संपतो किंवा वळतो, कारण तिथे येणारा माणूस बोर्डाकडे तोंड करूनच येतो. दुसरं, जिथे फक्त पायी वर्दळ आहे. चालणाऱ्याला वेळ भरपूर असतो आणि तो मानही वळवतो.

पायरी ७ : उंची आणि अडथळे

बोर्डाची खालची कड जमिनीपासून २ मीटरच्या थोडी वर ठेवा. त्याखाली तो उभ्या गाड्यांमागे जातो, आणि बाहेर काढलेला बोर्ड चालणाऱ्याच्या डोक्याला लागायचीही भीती असते. वर किती न्यावा यालाही मर्यादा आहे. ३ मीटर उंचीचा बोर्ड १५ मीटरवरून सहज दिसतो. तोच तिसऱ्या मजल्यावर, १० मीटर उंचीवर असला तर तेवढ्याच अंतरावरून ३० अंश वर पाहावं लागतं, आणि कारच्या टपामुळे तो दिसतच नाही. जागा तिसऱ्या मजल्यावर आहे म्हणून बोर्डही तिथेच हवा असं काही नाही, मजला दुसऱ्या ओळीत लिहिलेलाच आहे. इमारत सामायिक असेल तर खाली लावायची परवानगी मात्र आधी घ्या.

बाल्कनीच्या ग्रिलमागे लावलेला बोर्ड बाहेर घ्या, उभे गज आकड्यांवर येतात आणि 8 चा 3 होतो. खिडकीच्या काचेआड लावू नका, दिवसा काचेत समोरचं आकाशच दिसतं. झाडाच्या फांद्या आज आड येत नसल्या तरी पावसाळ्यानंतर येतील. सार्वजनिक खांब, झाडं आणि दुसऱ्याच्या भिंती टाळा. काटकोनातला बोर्ड वारा पूर्ण अंगावर घेतो, म्हणून त्याला वर आणि खाली असे दोन क्लॅम्प हवेत. एकाच क्लॅम्पवर तो वाऱ्याने हळूहळू फिरत जातो आणि एक दिवस सपाट होऊन बसतो.

पायरी ८ : रंगवण्याआधी चाचणी

बोर्ड एक दशांश मापाचा छापा, म्हणजे ६ बाय साडेचार सेंटिमीटर, आणि अंतरही एक दशांश करा. ३२ मीटरच्या जागी भिंतीपासून ३ मीटर २० सेंटिमीटरवर उभं राहा. ‘भाड्याने’ एका नजरेत वाचता यायला हवं. मग १ मीटर २० सेंटिमीटरवरून नंबर. वाचायला अशा माणसाला बसवा ज्याला तो नंबर पाठ नाही. स्वतःचा नंबर आपण वाचत नाही, ओळखतो, त्यामुळे मालकाने केलेली चाचणी धरायची नाही. घरात चष्मा लावणारं कोणी असेल तर त्यांना चष्मा काढून मुख्य शब्द वाचायला सांगा. तरीही वाचला तर मांडणी पक्की आहे.

बोर्ड टांगल्यावर समोरच्या फुटपाथवर जा आणि बोर्डाकडे बघत एक-एक आकडा दाबून फोन लावा. साठवलेल्या यादीतून नव्हे. रंगवणाऱ्याने दोन आकडे उलटसुलट केले असतील तर ते इथे सापडतं. मग दुचाकीवरून दोन्ही दिशांनी एकेक फेरी मारा, आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी पुन्हा एक.

फोन येऊ लागल्यावर

प्रत्येकाला विचारा : बोर्ड चालताना पाहिला की गाडीवरून, आणि कुठल्या बाजूने येताना? आठवडाभरात बोर्डाचं दुखणं कळतं. सगळेच पायी आलेले असतील तर मुख्य शब्द गाडीवरून वाचला जात नाही, आधी दिशा तपासा आणि मगच आकार. सगळे एकाच बाजूने आलेले असतील तर दुसऱ्या बाजूला काहीतरी आड येतंय. ‘काय आहे भाड्याने?’ असं वारंवार विचारलं गेलं तर दुसरी ओळ बारीक पडली. आणि ‘मघाशी दुसऱ्याच कोणाला लागला’ असं दोघांनी सांगितलं, तर नंबरातला कुठला आकडा कशासारखा दिसतोय ते त्यांनाच विचारा आणि तेवढा एक आकडा नव्याने रंगवा.